वीस डेसिबलची दुरुस्ती

एम.डी.च्या तोंडी परीक्षेत प्रबंधावर काय काय विचारतील, याची मी एक यादी केली होती. एकूण बेचाळीस प्रश्न. नमुना कसा निवडला? एकशे ऐंशीच कामगार का? तुलनेचा गट कोणता? अभ्यासाच्या मर्यादा कोणत्या? प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर, आणि उत्तरापुढे त्यावर निघू शकणारा फाटा. यादी वहीत होती, वही पिशवीत, आणि पिशवी मी आठवडाभर उशाशी घेऊन झोपत होते. आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

हे १९९१ सालातलं. मी मुंबईच्या एका कॉलेजात सामाजिक वैद्यकशास्त्रात एम.डी. करत होते. आमच्या भिवंडीजवळच्या राहनाळच्या घरातच काय, आमच्या सगळ्या भावकीत डॉक्टर झालेली मी पहिली. बाबांच्या लेखी डॉक्टर म्हणजे सुई टोचणारा. मी सुई टोचत नाही, कामगारांच्या कानांचा अभ्यास करते, हे त्यांना मी किमान दहा वेळा ओरडून सांगितलं असेल. ओरडून, कारण बाबांना ऐकू येत नाही; तेही ओरडूनच बोलतात. हिरामणशेठचे, म्हणजे बाबांचे, कान लूमनी खाल्ले, हे गावात सगळ्यांना माहीत. पंचवीस वर्षं स्वतःच्या शेडमध्ये उभे राहिले, आधी चार लूमवर, मग बारा. माझा प्रबंधाचा विषयही तिथूनच आला: 'भिवंडीतील यंत्रमाग कामगारांमधील आवाजजन्य बहिरेपणा'. बाबांसाठी केला असं म्हटलं तर गोड वाटेल, पण ते खोटं. विषय हाताशी होता, माणसं ओळखीची होती, म्हणून केला.

परीक्षेच्या आधी दहा दिवस हॉस्टेल सोडून घरी आले. वाटलं, घरी अभ्यास होईल. पण बेचाळीस उत्तरं म्हणून कुणाला दाखवायची? आई जाऊन सहा वर्षं झालेली. आक्का, म्हणजे माझी आत्या, स्वयंपाक करायची, समोर ताट ठेवायची आणि "जेव माय, सुकलीस," एवढं म्हणून जायची. बाबा समोर बसायचे, पण त्यांच्याशी बोलणं म्हणजे भाषणच. शेवटी मी शेडमध्ये जाऊन लूमच्या खडखडाटात उभी राहून उत्तरं म्हणायला लागले. तिथे माझा आवाज मलाही ऐकू येत नसे, त्यामुळे चुकलं तरी लाज वाटत नसे. मला तेव्हा फार एकटं वाटत होतं. एवढं शिकून आपण कुणाशीच बोलू शकत नाही अशा जागी येऊन बसलोय, असं वाटायचं.

म्हणून रविवारी दुपारी मी भिवंडीत माधवीकडे गेले. माधवी माझी शाळेतली मैत्रीण. ती आता त्याच शाळेत गणित शिकवत होती, लग्न केलेलं नव्हतं, आणि प्रश्न विचारायची तिला जन्मजात खोड होती. तिचं घर ब्राह्मण आळीत, गल्लीच्या आतल्या टोकाला. तिच्या ओळखीनेच मला शाळेची प्रयोगशाळा तपासणीसाठी मिळाली होती. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात, त्यामुळे खोली शांत असायची. गुरुवारी रात्री आठला शिफ्ट सुटलेल्या कामगारांना मी शुक्रवारी दुपारी बाराच्या पुढे तपासत असे. आवाजातून बाहेर पडल्यावर कान काही तास तात्पुरते बधिर असतात. तो बधिरपणा उतरून खरा बहिरेपणा तेवढा मोजला जावा, म्हणून मध्ये सोळा तासांचं अंतर. हा माझा यादीतला सातवा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मला फार आवडायचं.

"मी परीक्षक," माधवी म्हणाली आणि नाकावर वडिलांचा चष्मा चढवून बसली. "आणि तू घाबरलेली. तसं तर तू आहेसच."

मी मनगटावरचं घड्याळ काढलं. मावसभावाने मस्कतहून आणलेलं, आकड्यांचं, गजराचं. दहा मिनिटांचा गजर लावला आणि टेबलावर ठेवलं. दहा मिनिटांत प्रबंधाचा सारांश संपवायचा, असा सराव. डोक्यावर पंखा फिरत होता. मी सुरुवात केली आणि रंगात आले. कामगारांची निवड, फॉर्म, तपासणी, आकडेवारी. बोलता बोलता पाहिलं तर माधवी माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती.

"काय गं?"

"घड्याळ वाजतंय."

"कुठे वाजतंय?"

"अगं, केव्हाचं वाजतंय! आता थांबलं बघ."

मी घड्याळ उचललं. दहा मिनिटं होऊन गेली होती. पुन्हा एका मिनिटाचा गजर लावून टेबलावर ठेवलं आणि दोघी गप्प बसलो. माधवीने बोट वर केलं, म्हणजे वाजायला लागलं. मला पंख्याची घरघर ऐकू येत होती, खाली गल्लीत कुणीतरी बादली ठेवली तेही ऐकू आलं. गजर नाही. घड्याळ उचलून कानाला लावलं तेव्हा आत बारीक टिटी चालू होती.

"पंख्यामुळे," मी म्हणाले.

"पंखा माझ्याही डोक्यावर आहे," माधवी म्हणाली.

हॉस्टेलमधल्या मुली माझ्या पहाटेच्या गजराने वैतागायच्या. सगळा मजला उठतो आणि चंद्रा तेवढी घोरते, म्हणायच्या. माझी झोप गाढ आहे, असं मी कौतुकाने सांगत असे.

माधवीने विषय बदलावा तसा प्रबंध उघडला. पण ती विषय बदलत नव्हती. गणिताची माणसं अशीच, पोटात ठेवून पुढे जात नाहीत. "पान एकतीस," ती म्हणाली. "इथे लिहिलंयस की यंत्र चार हजाराच्या पट्टीला वीसने जास्त दाखवत होतं, म्हणून सगळ्यांच्या आकड्यांतून वीस वजा केले. यंत्र चुकतंय हे कसं कळलं?"

हा प्रश्न माझ्या बेचाळीसांत नव्हता.

मी सांगितलं. कान मोजायचं यंत्र जुनं होतं, कान-नाक-घसा विभागाकडून मागून आणलेलं. ते दुरुस्तीला आणि तपासणीला पाठवलं तर सहा महिने परत येत नाही. अशा वेळी तपासणारा रोज कामाआधी हेडफोन लावून एका निरोगी कानावर यंत्र पडताळून बघतो. आकडा डेसिबलचा, जितका मोठा तितका कान मंद. माझा आकडा बाकी सगळ्या पट्ट्यांना दहा यायचा, आणि एका चार हजारालाच तीस. रोज तीस, दोन्ही हेडफोनना तीस. म्हणजे हेडफोनचा दोष नाही, यंत्राचाच. म्हणून वीसची दुरुस्ती.

"आणि निरोगी कान कुणाचा?"

"माझा."

माधवीने चष्मा काढला. बोलली असती तर मी भांडले तरी असते.

चार हजार, म्हणजे घड्याळाच्या गजरासारखा बारीक, उंच सूर, ही काही कुठलीतरी पट्टी नाही. आवाजाने कान जायला लागला की तो पहिल्यांदा तिथेच जातो, चार हजाराला खड्डा पडतो. अख्ख्या प्रबंधात हे वाक्य मी सोळा ठिकाणी लिहिलं होतं. दीडशे पानं मी इतरांच्या कानांतला खड्डा शोधत होते, आणि माझा खड्डा दर वेळी समोर दिसत असताना त्याला यंत्राचा दोष म्हणत होते.

हे कसं सुचलं नाही, असं पुढे मला पुष्कळांनी विचारलं. नाही सुचलं. लूमचा बहिरेपणा म्हणजे बाबांचा, पन्नाशीतल्या पुरुषांचा. मी एकोणतीस वर्षांची, पांढरा कोट घालणारी. पण मी सात वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की शेडमध्ये कांडी मशीनवर बसायची. शटलमध्ये घालायच्या सुताच्या कांड्या भरायच्या, डाव्या हाताला चार लूम. तिथेच अभ्यास, तिथेच चहा. मेडिकलला जाईपर्यंत, अकरा वर्षं. मला तो आवाज आवाज वाटतच नसे. हॉस्टेलमध्ये पहिला महिनाभर मला झोप आली नव्हती, फार शांत वाटायचं म्हणून.

परीक्षा गुरुवारी होती. सोमवारी सकाळी नाक्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून मी माझ्या गाइड डॉ. सुमती देवस्थळी यांना फोन लावला. मॅडम शांतपणे ऐकून घेतात अशी त्यांची ख्याती. ऐकलं.

"मंगळवारी ये आणि खात्री कर," त्या म्हणाल्या. "पण खात्री झाली तरी आपण होऊन बोलायचं नाही. विचारलं तर मर्यादांमध्ये सांग, पडताळणी एकाच व्यक्तीच्या कानावर केली होती. तेवढं पुरे आहे आणि ते खोटंही नाही."

"मॅडम, पण निष्कर्ष..."

"दोन गटांतला फरक बदलतो का? दोघांतूनही वीसच वजा केलेत ना? मग सरासरीतला फरक तोच राहतो. चंद्रा, प्रबंध विद्यापीठाने स्वीकारलाय. त्यावर माझी सही आहे. हे लक्षात ठेव."

त्यांचं गणित बरोबर होतं. दोन्ही गटांतून सारखं वजा केलं तर फरक हलत नाही. पण कुणाचा कान चांगला आणि कुणाचा गेलेला, हे मी पंचवीसच्या रेषेवर ठरवलं होतं. पंचवीसच्या वर गेला तर बाधित. ज्याचा खरा आकडा चाळीस, त्याला मी वीस लिहून निरोगी ठरवलं होतं. आणि नुसतं लिहिलं नव्हतं, तोंडावर सांगितलं होतं. "तुमचे कान ठणठणीत आहेत, भाऊ." फोन ठेवल्यावर मी बूथमध्येच उभी राहिले. बाहेरच्या माणसाने काच वाजवली तेव्हा निघाले.

मंगळवारी विभागात गेले. यंत्र कपाटात होतं. विभागातल्या सेविका सीताबाई साताऱ्याकडच्या, लूम कधी बघितला नव्हता. त्यांना हेडफोन लावला. मग दोन ज्युनियर मुली, मग ग्रंथालयातला कारकून, मग आणखी सहा जण. चार हजाराला सगळ्यांचे आकडे पाच, दहा, पंधरा. कुणाचाही तीस नाही. यंत्र सुरुवातीपासून बरोबर होतं.

"तुमचं नाही बघायचं?" सीताबाईंनी विचारलं.

"माझं माहितीये," मी म्हणाले. तरी त्या गेल्यावर दार लावून हेडफोन चढवला. तीस. दोन्हीकडे तीस. मी खूप रडले. परीक्षेसाठी नाही. सात वर्षांची पोर मशीनवर बसलेली दिसत होती आणि तिला उठवायला कुणी नव्हतं, त्यासाठी.

बुधवारचा दिवस घरी फॉर्म चाळण्यात गेला. सगळे फॉर्म पत्र्याच्या ट्रंकेत होते, दोनशे सत्तर. नाव, वय, नोकरीची वर्षं, कानांचे आकडे, आणि खाली कारखान्याच्या मालकाचं नाव. मी मूळ आकडे पेन्सिलने लिहिले होते आणि दुरुस्त केलेले शाईने, एवढी तरी अक्कल मला होती. शाई सोडून पेन्सिल मोजत गेले. एकशे ऐंशी कामगारांत मी छप्पन्न बाधित लिहिले होते. खरे एकशे सतरा. एकतीस टक्क्यांऐवजी पासष्ट. तुलनेच्या गटात, म्हणजे नव्वद कारकून आणि शिक्षकांत, चारच्या जागी तेरा. एकसष्ट कामगारांना मी ठणठणीत म्हणून घरी पाठवलं होतं. ते सगळे दुसऱ्या दिवशी पुन्हा लूमवर उभे राहिले असणार, आणि कुणी कानात बोळा घाल म्हटलं तर म्हणाले असणार, डॉक्टरीणबाईंनी तपासलंय.

संध्याकाळी बाबा ओट्यावर आले. "उद्या हाय ना परीक्षा?"

"हाय."

"काय?"

"हाय!" मी ओरडले.

"मग रडतंस कशाला? तुला सगला येतं."

त्यांना सांगावं असं फार वाटलं. पण असली गोष्ट ओरडून कशी सांगायची? सगळी आळी ऐकणार, आणि ज्यांनी ऐकायची ते "काय?" म्हणणार. मी म्हटलं, डोकं दुखतंय.

गुरुवारी चार परीक्षक टेबलापलीकडे बसले होते. दोन आमचे, त्यातल्या एक देवस्थळी मॅडम, आणि दोन बाहेरचे. बाहेरच्यांतले एक नागपूरचे, पांढऱ्या भुवयांचे, प्रबंध त्यांच्यापुढे होता आणि त्यात कागदाच्या चिठ्ठ्या घातलेल्या होत्या. सगळं बोलणं इंग्रजीत. यादीतले प्रश्न एकामागून एक आले. नमुना कसा? सांगितलं. सोळा तास का? सांगितलं, माझं आवडतं उत्तर. मर्यादा? एकाच वेळी केलेली पाहणी आहे, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे ठरवता येत नाही. ज्यांचे कान फारच गेले ते काम सोडून गावी गेले असतील, ते माझ्या मोजणीत नाहीत, त्यामुळे प्रमाण कमी दिसू शकतं. नागपूरचे सर मान डोलवत होते.

मग त्यांनी शेवटची चिठ्ठी असलेलं पान उघडलं. एकतीस.

"हे मला विशेष आवडलं," ते म्हणाले. "रोज स्वतःच्या कानावर यंत्र पडताळलं, दोष सापडला, दुरुस्ती केली. इतकी काळजी विद्यार्थी घेत नाहीत. शाबास."

त्यांनी प्रबंध मिटला. झालं होतं. मॅडम खिडकीकडे बघत होत्या. मला फक्त "थँक यू, सर" म्हणायचं होतं, आणि खरं सांगते, तोंड तेवढ्यासाठी उघडलंही होतं. त्या 'शाबास'ने घात केला. त्यांनी खोडून काढलं असतं तर मी स्वतःचा बचाव करत बसले असते.

"सर, ते चूक आहे," मी म्हणाले. "यंत्रात दोष नव्हता. माझ्या कानात आहे."

मी पिशवीतून बुधवारचे कागद काढले. दहा निरोगी माणसांचे आकडे, माझे आकडे, जुनं कोष्टक, नवं कोष्टक. सरासरीतला फरक बदलत नाही हे सांगितलं, प्रमाण दुपटीहून जास्त होतं हेही सांगितलं.

"हे तुम्हाला कधी कळलं?" दुसऱ्या बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं.

"रविवारी."

"आणि तुमच्या गाइडना?"

मॅडमनी खिडकीवरची नजर काढली. मी म्हणाले, "पडताळणी मी एकटीने केली होती. चूक माझी आहे." ते खोटं नव्हतं.

नागपूरच्या सरांनी कागद बराच वेळ पाहिले. मग मराठीत विचारलं, "तुमचं काम कुठलं? म्हणजे, कान कशाने गेला?"

"कांडी मशीन, सर. लूमशेडमध्ये. अकरा वर्षं."

"मग तुम्ही तपासनीस कशा? तुम्ही तर नमुन्यात हव्या होतात." ते हे रागाने म्हणाले नाहीत, म्हणूनच ते मला लागलं.

मला बाहेर बसवलं. पाऊण तासाने सीताबाईंनी आत बोलावलं. पास. पण प्रबंधाच्या प्रत्येक प्रतीला नव्या कोष्टकांचं शुद्धिपत्र जोडायचं, आणि त्या एकसष्ट जणांना पुन्हा कळवल्याचं लेखी द्यायचं. बाहेर पडताना मी मॅडमना नमस्कार केला. त्यांनी "अभिनंदन" म्हटलं, ते माझ्या मागच्या भिंतीला. पुढे त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला त्यांचा राग नाही आला, वाईट मात्र फार वाटलं. तीन वर्षं त्यांच्याशिवाय मला विचारायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. लूम बंद. मी ओट्यावर ट्रंक घेऊन बसले आणि एकसष्ट फॉर्म वेगळे काढले. कोण राहनाळला राहतो, कोण वळ गावात, कोण कशेळीला, तसे गठ्ठे केले. दुपारपासून निघायचं होतं. बाबा बाजूला खुर्ची टाकून बसले. शेड बंद असली की त्यांना काय करावं सुचत नाही.

"पास झालीस ना?" त्यांनी चौथ्यांदा विचारलं.

"झाले!"

"मग आता ह्या काय लिवतंस?"

ट्रंकेच्या तळाशी एक कोरा फॉर्म उरला होता. वर नंबर घातला, एकशे एक्याऐंशी. नाव, चंद्रा. वय, एकोणतीस. काम, कांडी भरणे. नोकरीची वर्षं, अकरा. चार हजाराला, उजवा तीस, डावा तीस. पुढचा रकाना मालकाच्या नावाचा होता. तिथे पेन थांबलं. बाबा वाकून बघत होते. त्यांना वाचता येतं, ऐकू येत नसलं तरी. त्यांच्यासमोरच मी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून, त्यांचं नाव लिहिलं.

त्यांनी ते वाचलं. मग वरची ओळ वाचली, मग त्याच्या वरची. शेवटी त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या उजव्या कानावरचे केस मागे सारले, लहानपणी सुताचा कापूस झाडायचे तसे.

"मना वाटला," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच न ओरडता म्हणाले, "तू नुसती बसलेली असतंस."